खिशातला हात

फोटो काढायला उभं केलं की आपल्याला दोन हात आहेत, याची लोकांना नव्याने आठवण होते. दिवसभर ज्या हातांनी राबतात, तेच हात कॅमेऱ्यासमोर परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे अवघडतात. मग कुणी ते पोटावर बांधतो, कुणी पाठीमागे नेतो, कुणी खिशात कोंबतो. बोईसरला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. फोटो नवरा काढतो आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून त्या फोटोचं पुढे जे काय करायचं ते मी करते. म्हणजे लोकांचे हे सगळे हात शेवटी माझ्याच डोक्यावर येतात.

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं कपडे बदलून मागतात. अंगावरचे नाही, फोटोतले. तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट येतात, अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि म्हणतात, "कोट चढवा." मी चढवते. एकदा मुरब्याहून एक कोळीण मावशी आल्या होत्या. लेकाचा बरा म्हणावा असा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी हळदीतला, अंगात फाटका गंजी आणि हातात बाटली. मावशी म्हणाल्या, "सदरा घाल नवा, न् ती बाटली काडून नारल दे त्याचे हातान." सदरा घातला, पण नारळ काही बसेना. बाटली धरलेली मूठ आवळलेली असते आणि नारळाला पसरलेला पंजा लागतो. आवळलेल्या मुठीवर नारळ ठेवला तर तो हवेत लोंबकळल्यासारखा दिसतो. शेवटी त्याच मुठीत मी गुलाबाचा गुच्छ दिला. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चालंल. बाटलीपरीस बरा."

सांगायचं एवढंच, की कपडे बदलणं सोपं आहे. छाती, खांदे, पाठ, सगळं सरसकट झाकलं जातं. कामाची खरी कसोटी लागते ती जिथे कापड संपतं आणि माणूस सुरू होतो तिथे. बाही कधी फूटपट्टीने आखल्यासारखी संपत नाही. ती मनगटाभोवती गोल फिरते, एका बाजूला चिकटते, दुसऱ्या बाजूला थोडी सुटते, आणि त्या सुटलेल्या फटीत काळोख असतो. तो काळोख ठेवला नाही तर हात बाहीतून आल्यासारखा वाटत नाही, बाहीला टाचून लावल्यासारखा वाटतो. जुन्या बाहीचा एक धागा जरी नव्या बाहीखालून डोकावला तरी बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. खिशाचं त्याहून वाईट. खिशात हात असला की खिशाची कड हातावरून जाते, हात कडेवरून नाही. मनगटाशी बाहीच्या चुण्या पडतात, खिशाचं तोंड जरा उघडं राहतं, आणि आतल्या मुठीचा उंचवटा बाहेर कापडावर उमटतो. एवढं सगळं जपलं तर बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. काहीच न दिसणं हीच आमची मजुरी. शाबासकी मात्र नवऱ्याला, कारण फोटो त्याने काढलेला असतो.

तर लग्नसराईच्या तोंडाशी बेटेगावहून बहीण-भाऊ आले. भाऊ तारापूरला एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला. बहीण त्याच्याहून बरीच मोठी, आई गेल्यापासून घरचं सगळं तीच बघणारी. भावाला सफाळ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलीकडच्यांना उभा फोटो हवा होता, मुंडीचा नको. "उंची दिसाया होवी त्यांना," बहीण म्हणाली.

भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून उभा राहिला. डावा हात मोकळा, उजवा पँटच्या खिशात. नवरा म्हणाला, "दुसरा हात पण काढा की बाहेर." तो म्हणाला, "असाच बरा हाय." नवऱ्याला वाटलं, स्टाइल मारतोय. मलाही तेच वाटलं. माणूस दिसायला उमदा होता, खांदे भरलेले, हसणं लाजरं. मी मनात म्हटलं, असू दे खिशात, चांगला दिसतोय.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. मुलीचे वडील नव्हते, मामा होते आणि ते जुन्या वळणाचे होते, असं तिला कुणीतरी सांगितलं. "त्याला सदरा-जाकीट घाला, वहिनी. लांब सदरा, लग्नातला असतो तसा."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर डोक्याला हात लावला. आमच्याकडे तयार कपड्यांचे फोटो साठवलेले असतात. त्यातला एक मोतिया रंगाचा सदरा काढला, गुडघ्यापर्यंत. तो अंगावर चढवला आणि पँटचा खिसा सदऱ्याखाली गडप झाला. आता खिसाच नाही तर हात जायचा कुठे? कोपरापासून खाली आलेला हात सदऱ्याच्या कडेशी येऊन तुटल्यासारखा संपत होता. सदऱ्याच्या बाजूच्या शिवणीत खिसा पाडून बघितला, पण सदऱ्याचा खिसा जिथे असतो त्याच्या वीतभर खाली हा हात होता. मग हल्लीचं ते हुशार सॉफ्टवेअर आहे, त्याला सांगितलं की बाबा, इथे एक हात काढून दे. त्याने मनापासून सहा बोटं दिली. पुन्हा सांगितलं तर पाच दिली, पण बाही आणि मनगट मेणासारखी एकमेकांत वितळवून टाकली. कापड कुठे संपलं आणि कातडी कुठे सुरू झाली ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. माझा संताप संताप झाला.

शेवटी मी नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडे या आणि हात द्या."

"कसला हात?"

"उजवा. काल त्या माणसाला जिथे उभं केलं होतं तिथेच उभे रहा. दिवे तसेच ठेवा."

"मी काय हातांचं दुकान काढलंय का?" असं कुरकुरत तो उभा राहिला. मी कॅमेरा कालच्याच उंचीवर ठेवला आणि त्याचा सुटा सोडलेला हात टिपला. पंजा जरा पुढे वळवायला लावला. बोटं एकामागे एक लपली की फोटोत ती चिकटलेली दिसतात, म्हणून पाचही सुटी दिसली पाहिजेत, असा माझा हट्ट.

तो हात बसवायला मला आख्खी दुपार लागली. मनगटाची जाडी जुळवली. रंग एक छटा सावळा केला. बाहीची कड मनगटावरून गोल फिरवली, करंगळीच्या बाजूला जराशी सोडली, फटीत काळोख भरला आणि बाहीची सावली हाताच्या पाठीवर पाडली. माझ्या नवऱ्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन तीळ आहेत, एकाला एक चिकटून. ते पुसायला मी घेतले आणि थांबले. एकही डाग नसलेली कातडी खोटी वाटते. म्हटलं, राहू देत, खरा वाटेल. काम झाल्यावर लांब जाऊन बघितलं आणि माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. इतकी नामी बाही मी आयुष्यात बसवली नव्हती.

बहीण फोटो बघायला आली. मी पडदा तिच्याकडे वळवला. ती बघतच राहिली. आधी चेहऱ्याकडे, मग खाली हाताकडे, आणि मग हाताकडेच. तोंडावर पदर धरला. मी म्हटलं, "कसा वाटतो?"

"खरा वाटतो," ती हळूच म्हणाली.

"खराच आहे," मी हसून म्हटलं. कुणाचा ते सांगितलं नाही. आचारी भाजीत काय घातलं ते सांगत नाही, तशी आमचीही रीत. तिनं अजून एकदा बघितलं आणि म्हणाली, "ह्योच पाठवते." तिचे डोळे भरलेले मला दिसले होते. मला वाटलं, भाऊ नवरदेवासारखा दिसला म्हणून भरले. काम जमलं की माणूस जरा आंधळा होतो.

त्यानंतर लग्नसराईचा पाऊसच पडला आमच्यावर आणि तो फोटो माझ्या डोक्यातून गेला. पंधरा-एक दिवसांनी भर दुपारी दुकानाचं दार धाडकन उघडलं. पुढे एक धिप्पाड गृहस्थ, पांढरी टोपी, चेहरा तापलेला. मागे एक मुलगी, मोबाइल छातीशी धरून. तिच्यामागे आमचे बेटेगावचे बहीण-भाऊ, मान खाली घालून.

"ह्यो फोटो कोनी बनवला?" त्या गृहस्थांनी, म्हणजे मुलीच्या मामांनी, तिच्या हातातला मोबाइल घेऊन माझ्या नाकापुढे धरला. माझाच फोटो. मोतिया सदरा, जाकीट, हात.

"मी," मी म्हटलं. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला वाटलं, माणूस कौतुक करायला आलाय.

"तुमी? बाईमानसानं असला धंदा करावा? फसवनुकीचा?"

नवरा काउंटरवर होता. त्याने एकदा मामांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "मी चहा सांगून येतो." भांडण दिसलं की चहा आणायला जाणं ही त्याची लग्नापासूनची रीत. गेला.

मामा बोलत सुटले. आज सकाळी मुलगा मुलगी बघायला आला होता. घरात वीस माणसं. फोटो सगळ्यांनी आधीच बघितलेला, मुलीनं तर तो बघून होकारच कळवलेला, बघण्याचा कार्यक्रम नावापुरता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाने कप घ्यायला उजवा हात पुढे केला. "आन् हाताला बोटं तीन!" मामा गरजले. "अंगठा, दोन बोटं, बस! फोटोत पाच आन् दारात तीन! पोरीच्या हातातला ट्रे पडला. चहा माज्या धोतरावर."

मी त्या भावाकडे बघितलं. तो दाराशी उभा होता, आणि त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता. त्या दिवशी होता तसाच.

"बोटं... नाहीत?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"पत्रा दाबायच्या प्रेसमधी गेली," तो म्हणाला. "दोन सालं झाली." मग मामांकडे न बघता मला म्हणाला, "वहिनी, माजं एकच म्हननं हाय. मी फोटो काढला तवा हात खिशात व्हता का नव्हता, ते यांना सांगा. लगीन मोडलं तं मोडलं. पन बेटेगावात उद्या लोक बोलतील का हा फसवाया गेला व्हता. मला लपवायचं असतं तं मी कप डाव्या हातानं नसता का घेतला? मुद्दाम उजवा पुढं केला, का आदीच दिसूं दे."

"मंग पाच बोटं आली कुठनं?" मामा.

"मला काय ठावं! तो फोटो मी आज तुमच्याच घरी पाह्यला."

आता मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका माणसाची अब्रू माझ्या कॉम्प्युटरमध्ये अडकलीय, आणि ती मीच अडकवलीय, हे मला त्या मिनिटाला कळलं. मी मागच्या खोलीत गेले आणि सगळ्यांना आत बोलावलं. फाइल जपून ठेवायची माझी सवय, नवरा त्यावरून मला हसतो. फोटोवर एकावर एक जे थर चढवलेले असतात ते सगळे सुटे होते. मी त्यांच्यासमोर एकेक थर बंद करत गेले. जाकीट गेलं. सदरा गेला. मग मनगटाची सावली गेली, आणि शेवटी तो हात. खाली राहिला पांढऱ्या शर्टातला, काळ्या पँटमधला, लाजरं हसणारा माणूस, उजवा हात खिशात.

"बघा," मी मामांना म्हटलं. "हा यांनी काढलेला फोटो. यांनी पाच बोटं कुणाला दाखवली नाहीत. सदरा चढवल्यावर खिसा झाकला गेला, म्हणून हात मी लावला. मला काही माहीत नव्हतं."

मामा पुढे वाकले. मी खिशाची कड मोठी करून दाखवली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आतल्या मुठीचा उंचवटा कापडावर उमटतो, असं मी मघाशी म्हटलं ना? इथेही उमटला होता, पण अर्ध्यातच. अंगठ्याकडून दोन बोटांपुरतं कापड फुगलेलं, आणि पुढे ते एकदम सपाट, जसं काही आत हातच संपलाय. त्या दुपारी ही कड मी कितीतरी वेळ मोठी करून बघितली होती. मला वाटलं होतं, खिशाची शिवण वाकडी आहे.

मामांनाही ते दिसलं असावं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मंग सदरा घालाया कोनी सांगितलं?" आवाज उतरला होता, पण प्रश्न सुटला नव्हता.

"मी," मागून बहीण म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. "सदरा मी सांगितला. हात नाय सांगितला. पन फोटो पाह्यला तवा... दोन सालं त्याला मी भात कालवताना बघते, शर्टाची बटनं लावताना बघते. त्यात तो आखा हात दिसला. आईनं जल्म दिला तसा. मला पुसा म्हनाया जमलं नाय. लबाडी कराया नाय पाठवला, देवाशप्पत. फक्त पुसवला नाय."

भावाने तिच्याकडे बघितलं. रागावला की काय झालं ते मला कळलं नाही. त्याला बसलेला धक्का मामांच्यापेक्षा मोठा होता, एवढं दिसलं. घरातलं माणूस आपल्याकडे बघताना दोन वर्षं काय बघत होतं, ते त्याला आज, आणि परक्यांच्या देखत, कळत होतं.

मुलगी माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली होती, आणि आपल्या मोबाइलमधल्या फोटोतला तो हात दोन बोटांनी मोठा करत होती, लहान करत होती. रंगाने सावळी, लहान चणीची, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी.

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला. आत काय झालंय याचा त्याला पत्ता नाही. "घ्या, आधी चहा घ्या, मग बोलू," म्हणत त्याने एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात पेले घेऊन मामांपासून सुरुवात केली. मग मुलीपुढे आला. उजव्या हाताने चहाचा पेला तिच्यापुढे धरला.

मुलीने वर बघितलं नाही. पेल्याकडे बघितलं. मग मोबाइलकडे. मग पुन्हा पेल्याकडे. आणि ती अशी किंचाळली की नवऱ्याच्या हातातला पेला उडाला.

"ह्यो! ह्योच हात!"

मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या मुळाशी दोन तीळ होते, एकाला एक चिकटून. पेला सुटून ओल्या झालेल्या हातावरही तेच होते. सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं, सगळ्यांनी माझ्या नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. नवऱ्याने काय करावं? त्याने तो हात झटकन आपल्याच खिशात घातला.

"शिव शिव शिव," मामा म्हणाले.

मला धरणी दुभंगावी असं झालं. हात जोडताना, सावली पाडताना, तीळ ठेवताना हे एकदाही मनात आलं नव्हतं, की या फोटोपलीकडे एक जिवंत मुलगी बसणार आहे आणि ती हे सगळं खरं धरून चालणार आहे. फोटोतली कड खटकणार नाही, एवढंच मी बघितलं होतं. ती खटकली नाही, हेच तर वाटोळं झालं.

मुलगी उभी राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. "पंधरा दिवस मी यांचा हात बघत व्हते?" तिने माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "कंपनीतल्या पोरींना दाखवला. त्या बोलल्या, तीळ हाय, नशीबवान हाय. मी... मी झोपताना..." ती थांबली. पुढे जे होतं ते तिने गिळलं, आणि ते न बोलता सगळ्यांना कळलं. मग ती त्या भावाकडे वळली आणि ओरडली नाही, हळू बोलली, त्याने जास्त लागलं. "बोटं नाय, असं सांगितलं असतं तं मी इचार केला असता. हो बोलले असते, नायतर नाय बोलले असते. पन माजं मला ठावं असतं. आता सांगा, मी हो बोलले ती कोनाला?"

नवरा जमिनीवरचा चहा पायाने पुसत होता, हात खिशात ठेवूनच.

मग त्या भावाने उजवा हात खिशातून काढला. सावकाश काढला, खिशाच्या कडेला कातडी लागू नये म्हणून आधी मनगट, मग पंजा, अशी त्याची काढायची एक पद्धतच पडली असावी. आणि तो माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. तिथली कातडी गुळगुळीत, चमकणारी, गुलाबीसर होती.

"माजा ह्यो," तो म्हणाला.

मामांनी तोंड फिरवलं. बहिणीने डोळ्यांना पदर लावला. मीही बघू शकले नाही, खोटं कशाला सांगू, मी पडद्याकडे बघत राहिले. एकटी मुलगी बघत होती. सकाळी ट्रे पडल्यामुळे तिला तो नीट बघायलाच मिळाला नव्हता. आता तिने खाली वाकून बघितला, चांगला वेळ घेऊन, बाजारात आपण मूठभर तांदूळ हातावर घेऊन बघतो ना, तसा.

"दुखतं?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, हे त्याच्या तोंडावरूनच दिसलं. त्याच्या बहिणीच्याही तोंडावरून दिसलं.

"थंडीत," तो म्हणाला. "थंडीत ठणकतं. नसलेली बोटंच ठणकतात."

तिने मोबाइल उघडला आणि आमच्या सर्वांच्या देखत तो मोतिया सदऱ्याचा फोटो काढून टाकला. मग मला म्हणाली, "वहिनी, तो खालचा फोटो द्या मला. खिशातला."

बहीण डोळे पुसत घाईघाईने म्हणाली, "अगं, त्यात तं हात दिसतच नाय. आता नवा काढूं ना, सरळ, हाय तसा."

"नवा मंग बघूं. इचार कराया लागंल मला," मुलगी म्हणाली. "आज तोच द्या. हात नसूं दे दिसत. खिशात हाय तो त्यांचाच हाय ना."

भाऊ खाली बघून हसला की रडला ते मला सांगता येणार नाही, कारण मी तोवर फोटो पाठवायला घेतला होता आणि मलाच पडदा धूसर दिसत होता. मामा पायऱ्या उतरताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "दादा, तुमचा हात आता तुमच्यापाशीच ऱ्हाऊं द्या." नवऱ्याने मान डोलावली आणि हात अजून खोल घातला.

पाठवण्याआधी मी सवयीने तो फोटो एकदा मोठा करून बघितला. कॉलरला एक चुणी होती, शर्टावर बटणापाशी एक दोरा सुटला होता, आणि खिशाची कड मधूनच सपाट झाली होती. तिन्हींना मी हात लावला नाही.